लेबल कसरीने खाल्लं, मग गातंय कोण?

सेलूला आत्याच्या सासरच्या वाड्यात, माळवदाखालच्या कोनाड्यात ग्रामोफोनच्या अकरा तबकड्या निघाल्या. दहा तबकड्यांवर नावं वाचता येत होती. अकराव्या तबकडीचं लेबल कसरीने इतकं कुरतडलं होतं की मधल्या भोकाभोवती तपकिरी कागदाचे चार तुकडे तेवढे उरले होते. आत्या म्हणाली, "त्यात काय बघायचंय? बालगंधर्व आहेत ते. मामंजी रोज लावायचे." घरात तीन पिढ्या ती तबकडी बालगंधर्वांची म्हणूनच ओळखली जात होती.

ती बालगंधर्वांची नव्हती. घरच्यांचा कान चुकला नव्हता, चूक यंत्राची होती. हा प्रकार मराठवाड्यातल्या जुन्या वाड्यांमधून मी इतक्यांदा पाहिलाय की त्या एका तबकडीवरून सगळी पद्धत सांगणंच सोपं जाईल. आधी एक गोष्ट मनात पक्की ठेवा. आवाज तुम्हाला गायकाच्या घराण्यापर्यंत, फार तर त्याच्या दारापर्यंत नेतो. आत शिरायला बहुतेक वेळा एखादा आकडा किंवा दुसरी प्रत लागते.

वाजवायच्या आधी

घाईने सुई टेकवू नका. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पत्र्याखालच्या खोलीत आडव्या रचलेल्या तबकड्या वाटीसारख्या वाकतात, त्यामुळे आधी तबकडी सपाट काचेवर ठेवून किती डुलते ते बघा. थोडी डुलत असेल तर चालेल. कडेला बारीक तडा असेल तर मात्र वाजवू नका. तो नखाला लागतो.

धूळ काढायला डिस्टिल्ड वॉटर घ्या, त्यात भांडी घासायच्या लिक्विडचा एखादा थेंब टाका आणि मऊ कापडाने खाचांच्या दिशेने गोल पुसा. लेबल ओलं होऊ देऊ नका. स्पिरिट, सॅनिटायझर, कोलन यांतलं काहीही लावायचं नाही. या तबकड्या लाखेच्या असतात आणि लाख स्पिरिटमध्ये विरघळते. माझ्या ओळखीच्या एका गृहस्थांनी कोविडच्या दिवसांत सॅनिटायझरने सहा तबकड्या "स्वच्छ" केल्या. त्या आता फक्त भिंतीवर टांगायच्या कामाच्या.

कर्ण्याच्या फोनोवर लोखंडी पिन लावूनही वाजवू नका. पिन खाच उकरते, आणि आपल्याला तोच तुकडा वीस-वीस वेळा ऐकायचा असतो. इलेक्ट्रिक टर्नटेबल घ्या आणि त्याला ७८ च्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेऱ्या घेणाऱ्या, तबकडीची जाड सुई लावा. साध्या एलपीच्या सुईचं टोक एक मिल, म्हणजे इंचाचा हजारावा भाग, किंवा त्याहून बारीक असतं, तर ७८ च्या खाचेला साधारण तीन मिलचं लागतं. बारीक सुई खाचेच्या तळाशी घासत जाते आणि आवाजापेक्षा खरखरच जास्त ऐकू येते. एकदा नीट वाजवून कॉम्प्युटरवर उतरवून घ्या. पुढचं सगळं ऐकणं त्या फाइलवर करा.

लेबल गेलं तरी काय काय उरतं

कागद गेला तरी लाखेवरचं जात नाही. खाचा संपल्यावर लेबलपर्यंत जी कोरी पट्टी उरते, तिथे कारखान्यात ठोकलेला किंवा हाताने कोरलेला एक आकडा असतो. त्याला मॅट्रिक्स नंबर म्हणतात. तो कॅटलॉग नंबर नव्हे. तो मूळ ध्वनिमुद्रणाचा नंबर असतो, म्हणजे त्या दिवशी त्या मेणाच्या तबकडीवर झालेल्या त्याच गायनाचा. कधी तो अर्धा लेबलखाली दडलेला असतो.

खोलीत अंधार करा. मोबाइलचा टॉर्च तबकडीला जवळजवळ टेकवून आडवा धरा आणि तबकडी हळूहळू फिरवा. सरळ प्रकाशात जे दिसत नाही, ते तिरप्या प्रकाशात सावली पडून उठून दिसतं. लेबलचा कागद शिल्लक असेल तर त्याखालचा आकडाही कागदावर उमटलेला दिसू शकतो. दर पाव फेरीला एक फोटो घ्या. सेलूच्या तबकडीवर मला एका बाजूला पाचच्या पाच अंक दिसले, दुसऱ्या बाजूला चारच. पण ते चार पहिल्या बाजूच्या आकड्याशी जुळत होते, फक्त शेवटचा अंक कळत नव्हता. दोन्ही बाजूंचे आकडे लागोपाठचे असतील तर दोन्ही पदं बहुधा एकाच बैठकीत मुद्रित झालेली असतात आणि गाणारी व्यक्ती बहुधा एकच असते.

आकड्याशेजारी एखादी खूण आहे का तेही बघा. ग्रामोफोन कंपनीच्या तबकड्यांवर छोटा त्रिकोण किंवा चौकोन असेल तर मुद्रण विजेच्या पद्धतीने, म्हणजे मायक्रोफोनवर, झालेलं असतं. ही पद्धत १९२५ पासून आली. त्याआधी गायक कर्ण्यात तोंड घालून गायचे. सेलूच्या तबकडीवर त्रिकोण स्पष्ट होता.

खूण पुसली असली तरी कान सांगतो. कर्ण्याच्या मुद्रणात डग्गा जवळजवळ ऐकूच येत नाही, तबल्याची नुसती टकटक येते, आणि 'स', 'श' ही अक्षरं बोबडी लागतात. म्हणून अशा तबकडीवर "या बाई स कसा म्हणतात बघा" अशी चर्चा करण्यात अर्थ नाही. तो स त्या कर्ण्यानेच खाल्लेला असतो. डग्ग्याचा घुमारा ऐकू आला तर मायक्रोफोन धरायचा.

तबकडी फार जुनी असेल, म्हणजे विसाव्या शतकाच्या पहिल्या काही वर्षांतली, तर शेवटचे पाच सेकंद दहा वेळा ऐका. त्या काळात गाणं संपताच गायक किंवा दुसरं कोणी मोठ्याने नाव सांगत असे. १९०२ मध्ये कलकत्त्याला गौहरजाननी "माय नेम इज गौहर जान" असं म्हणून ठेवलंय ते त्यामुळेच. तबकड्या छापायला जर्मनीत हॅनोव्हरला जायच्या आणि तिथल्या कामगारांना कोण काय गातंय ते कळायला मार्ग नव्हता. १९०८ मध्ये कलकत्त्यातच सियालदहला कारखाना झाला, आणि पुढे नाव सांगायची ती प्रथा मागे पडली. शेवटची खाच लेबलाजवळ असल्यामुळे ती सगळ्यांत जास्त झिजलेली असते. तरी ऐकाच. नाव आयतं मिळालं तर बाकीचा खटाटोप वाचतो.

वेग: घराघरांतली चूक इथे असते

या भागाला निवांत वेळ द्या.

आत्याच्या सासऱ्यांचा चावीचा फोनो अजून चालतो. त्यावर मी ती तबकडी लावली आणि वर्तुळाकार पट्ट्यांचा स्ट्रोबोस्कोप कागद ठेवून वेग मोजला. हा कागद कोणीही छापून घेऊ शकतो. आपल्याकडच्या ५० हर्ट्झच्या विजेवर ७७ पट्ट्यांचं वर्तुळ ट्यूबलाइटखाली स्थिर दिसलं की वेग जवळजवळ बरोब्बर ७८ असतो. मात्र चोकवाली जुनी ट्यूब हवी, एलईडीखाली बहुतेकदा काही कळत नाही. आमच्या फोनोवर पट्ट्या सरसर मागे जात होत्या. घड्याळ लावून फेऱ्या मोजल्या तर मिनिटाला बहात्तर भरल्या. मोटरमधलं ग्रीस सुकून घट्ट झालं होतं. तसं ते किती वर्षांपासून असेल कोण जाणे.

सहा फेऱ्यांनी असा काय फरक पडतो? ७८ ची तबकडी ७२ वर वाजली की सूर पेटीवरच्या जवळजवळ दीड पट्टीने उतरतो. वाड्यात मी फोनोशेजारी पेटी घेऊन बसलो तेव्हा षड्ज पांढरी पाच आणि काळी तीन यांच्या मध्येच कुठेतरी लागत होता. टर्नटेबलवर ७८ ला लावल्यावर तोच षड्ज काळी चारवर नेमका बसला. काळी चार ही बायकांची नेहमीची पट्टी. पुरुष बहुतेक काळी एक, पांढरी दोनच्या आसपास गातात.

म्हणजे घरी सगळ्यांनी आयुष्यभर एका बाईचा आवाज दीड पट्टी खाली, थोडा जड आणि थोडा लांबवलेला असा ऐकला होता. बाईच्या आवाजाला असं जडपण आलं की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे पहिलं नाव कोणाचं येणार? बालगंधर्वांचंच.

उलटंही होतं. कर्ण्याच्या काळातल्या तबकड्या ७० पासून ८२ पर्यंत कशाही वेगाने मुद्रित व्हायच्या. ७४ वर मुद्रित झालेला पुरुषाचा आवाज ७८ वर वाजवला की जवळजवळ एक पट्टी चढतो आणि बाईसारखा पातळ लागतो. म्हणून १९२५ च्या आधीच्या तबकडीवर ७८ हा आकडा देवाचा शब्द मानू नका. त्यानंतरच्या विजेच्या मुद्रणात वेग बहुतेक ७८ च्या जवळ असतो, त्यामुळे सेलूच्या तबकडीला मी तो बिनधास्त लावला.

वेग ठरवायला साथीचं वाद्य मदत करतं. पेटी किंवा ऑर्गन असेल तर षड्ज पट्टीवर बसायला हवा, दोन पट्ट्यांच्या फटीत नव्हे. फटीत पडत असेल तर वेग थोडा कमी-जास्त करून बघा. ऑडॅसिटी या आवाज संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये हे असं करता येतं:

```
Effect > Pitch and Tempo > Change Speed and Pitch
Speed Multiplier: 0.949
```

७८ वर उतरवलेली फाइल ७४ ची करायची असेल तर ७४ भागिले ७८, म्हणजे ०.९४९. इथे एक अडचण आहे. जवळची पट्टी वर सापडते तशी खालीही सापडते, आणि जुन्या पेट्यांचे सूर आजच्या पेटीशी तंतोतंत जुळतातच असं नाही. म्हणून पट्टीवर बसला एवढ्यावर थांबू नका. गाण्याआधी किंवा मध्ये कोणी बोललं असेल तर ते बोलणं माणसासारखं वाटतं का ते बघा. तबल्याचा हात नैसर्गिक धावतो का, आणि श्वास घेण्याचा आवाज घाईचा वाटतो का, तेही ऐका. या सगळ्यांचं एकमत झालं की तो वेग धरायचा.

शब्द काय सांगतात आणि काय सांगत नाहीत

पद ओळखू आलं म्हणजे गाणारा सापडला, असा पुष्कळांचा समज असतो. पद फक्त एक कुंपण घालून देतं. 'मानापमाना'तलं पद असेल तर तबकडी १९११ च्या आधीची नाही, 'स्वयंवरा'तलं असेल तर १९१६ च्या आधीची नाही. आमच्या तबकडीवर 'सौभद्रा'तलं पद होतं. ते नाटक १८८२ चं, त्यामुळे तारखेच्या दृष्टीने उपयोग शून्य. आणि 'सौभद्र' गायलं नाही असा संगीत रंगभूमीवरचा गायक शोधूनच काढावा लागेल. सुभद्रेची पदं बालगंधर्वांनी गायली, त्यांच्या आधीच्यांनी गायली, नंतर बायकांनीही गायली.

मुद्रेने, म्हणजे रचनेत गुंफलेल्या रचनाकाराच्या नावाने, आणखी घोटाळा होतो. परभणीकडच्या एका घरात मला "ही नामदेवबुवांची रेकॉर्ड" म्हणून तबकडी दाखवली होती, कारण शेवटी "नामा म्हणे" येत होतं. नरसीच्या नामदेवांचा तो अभंग, गाणारे बुवा वेगळेच. "एका जनार्दनी", "तुका म्हणे" हेही तसंच. ख्यालात "सदारंग" आलं तर तेही बंदिश रचणाऱ्याचं नाव. याला उस्ताद फैयाज खाँ अपवाद. ते "प्रेमपिया" या नावाने स्वतः चिजा बांधायचे. पण त्यांच्या चिजा इतरांनीही गायल्या, त्यामुळे तिथेही नुसत्या मुद्रेवर भिस्त ठेवता येत नाही.

आता आवाज

वेग बरोबर लागल्यावरच इथे या. आता तुलनेसाठी नमुना लागतो, म्हणजे ज्यावर नावाबद्दल वाद नाही अशी तबकडी. ती त्याच काळातली आणि त्याच पद्धतीने मुद्रित झालेली हवी. १९३० च्या सुमाराच्या तबकडीची १९५५ च्या रेडिओ मुद्रणाशी तुलना केली तर पंचवीस वर्षांत म्हातारा झालेला गळा आणि बदललेला मायक्रोफोन यांचीच तुलना होते.

अख्खं गाणं शेजारी लावू नका. चार-पाच सेकंदांचे तुकडे कापा, एकाच स्वरावरचे, एकाच अक्षराचे. तार षड्जावरचा "आ" त्याच "आ"शी लावा. मी तीन जागा धरतो. पहिली म्हणजे स्वर लागतो कसा: सरळ जाऊन बसतो, की खालून मींड घेऊन येतो. दुसरी श्वासाची जागा. गवई शब्द पुरा करून श्वास घेतो की मध्येच तोडतो, ही सवय वर्षानुवर्षं बदलत नाही, आणि नक्कल करणाऱ्याला ती सहसा लक्षातही येत नाही. तिसरी म्हणजे तान सुटते कुठून आणि समेवर येते कशी.

बालगंधर्वांच्या वादातीत तबकड्या शेजारी लावल्यावर पहिल्याच तुकड्यात फरक दिसला. त्यांचं गाणं शब्दाला धरून चालतं. एकच ओळ ते पुनःपुन्हा घेतात, दर वेळी शब्दांची मांडणी थोडी सरकवून, आणि नटाची विनवणी त्या ओळीतून जात नाही. सेलूच्या तबकडीत शब्द एकदा म्हणून झाले की बाजूला सारले जात होते. पुढे नुसता सूर, शांत, सरळ, लांबवलेला. दुसऱ्या बाजूला तीन मिनिटांतली जवळजवळ वीस सेकंदं सरगमीला दिली होती. नाट्यपदात इतकी सरगम आणि असा ठेवलेला सूर ऐकला की कोणीही किराणा घराण्याचं नाव घेईल. अब्दुल करीम खाँसाहेबांनी सरगम आपल्या गायकीत ठळक आणली आणि ती त्यांच्या मुलांच्या गळ्यात उतरली.

बाई, किराणा, मराठी नाट्यपद, विजेचं मुद्रण. एवढं जमल्यावर नाव ओठांवर आलंच: हिराबाई बडोदेकर. खाँसाहेबांची मुलगी, रंगभूमीवर स्वतःची कंपनी घेऊन उभी राहिलेली.

पण इथेच थांबायला हवं. हिराबाईंच्या धाकट्या बहीण सरस्वती राणे यांचीही गायकी तीच आणि तालीमही घरातलीच. दोघी जुगलबंदीही गायच्या. एका घरात, एका पद्धतीने तयार झालेले दोन गळे तीन मिनिटांच्या खरखरीतून वेगळे काढायचे म्हणजे कठीण. मी तुकडे लावून पाहिले तेव्हा माझा कौल हिराबाईंकडे गेला. दुसऱ्या दिवशी ऐकलं तेव्हा तितकी खात्री राहिली नाही.

जाणकाराला विचारायचं कसं

जुनं ऐकणारी माणसं अजून आहेत, अंबाजोगाईला आहेत, नांदेडला आहेत. त्यांच्यापुढे फाइल लावून "हे बालगंधर्व ना?" असं विचारलं की ते "हो" म्हणतात. मान राखतात बिचारे. नुसतं लावा आणि गप्प बसा. शक्य असेल तर चार तुकडे लावा, त्यात तुमचा एक, वादातीत दोन आणि भलत्याच गायिकेचा एक. भलताही जर त्यांनी त्याच नावाने ओळखला तर त्या दिवशीचं मत लिहून ठेवू नका. नांदेडच्या एका वृद्ध पेटीवादक काकांनी माझा तुकडा ऐकून मान हलवली आणि एवढंच म्हणाले, "बाई आहे. किराण्याची. नाव मी सांगणार नाही, पोरा, दोघी आहेत." मला त्यांचं ते उत्तर सगळ्यांत विश्वासाचं वाटलं.

शेवटचा पुरावा

मग आकडा. मुंबईच्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्समुळे महाराष्ट्रात संग्राहकांचं चांगलं जाळं तयार झालंय आणि त्यांच्या 'द रेकॉर्ड न्यूज'चे जुने अंक याद्यांसाठी चाळण्यासारखे आहेत. कोणाला विचारताना "माझ्याकडे एक जुनी रेकॉर्ड आहे" असं मोघम पाठवू नका. दोन्ही बाजूंचे आकडे, खुणा, तबकडी दहा इंची की बारा इंची, लेबलचा उरलेला रंग, पदाची पहिली ओळ आणि अर्ध्या मिनिटाची फाइल, असं सगळं एकत्र पाठवा. अंक वाचता आला नसेल तर तिथे प्रश्नचिन्ह टाका, अंदाजाचा अंक नको. ३ आणि ८, १ आणि ७ तिरप्या प्रकाशात हमखास फसवतात.

पुण्याच्या एका संग्राहकाकडे त्याच पदाची शाबूत लेबलची प्रत निघाली. त्यांनी तिच्या कोऱ्या पट्टीचा फोटो पाठवला. पाचही अंक तेच, त्रिकोणही तोच. लेबलवर हिराबाईंचं नाव होतं. मी तरी दोन्ही फाइली एकावर एक लावून बघितल्या, कारण त्याच पदाचं वेगळं मुद्रणही असू शकतं. सरगमीच्या दुसऱ्या फेरीत गायिका एका ठिकाणी किंचित अडखळते आणि तबलजी सावरून घेतो. ते अडखळणं दोन्हीकडे त्याच सेकंदाला होतं.

पाकिटावर आता कार्ड लावलंय. त्यावर नाव, दोन्ही आकडे, "दुसऱ्या बाजूचा शेवटचा अंक पुण्याच्या प्रतीवरून", वेग ७८, आणि खाली "घरच्या आठवणीत: बालगंधर्व, फोनो ७२ वर चालत होता". ही शेवटची ओळ मुद्दाम ठेवली. आत्याला मी खरं नाव सांगितलं तेव्हा ती क्षणभर गप्प राहिली, मग म्हणाली, "असेल बाबा. पण तू त्या जुन्या फोनोवरच लाव एकदा, मामंजी लावायचे तशी."

लावली. षड्ज पुन्हा त्या दोन पट्ट्यांच्या मध्ये गेला.